पासबुक प्रिंटरपासून सुटका

सहकारी बँकेच्या कुठल्याही शाखेत नवा कारकून रुजू झाला, की पहिल्या दिवशी त्याची रवानगी बहुधा दोनपैकी एका ठिकाणी होते. एक म्हणजे परिपत्रकांची जाडजूड फाइल, 'बसा, वाचत बसा' या सूचनेसह. दुसरं म्हणजे पासबुक प्रिंटर. सातआठ दिवस पासबुकं छापून त्याचा हात चांगला बसतो, पण रोख मोजणं, चेक पाहणं, खातं उघडणं यातलं काहीच आलेलं नसतं. यात शाखेचा दुष्टपणा नसतो. साडेदहाला दार उघडलं, की शिकवायला कोणालाच फुरसत नसते, एवढंच त्याचं कारण.

पहिल्या आठवड्याचं वेळापत्रक करायचं ते या अडचणीवर उपाय म्हणून. एखाद्या तालुक्याच्या गावातली नागरी सहकारी बँकेची शाखा डोळ्यांसमोर आणू. नऊ माणसं, दोन कॅश काउंटर, ग्राहकांची वेळ साडेदहा ते साडेतीन. तिथे एक मुलगी कनिष्ठ लिपिक म्हणून येते आहे. तिला पहिल्या सहा दिवसांत तीन गोष्टींतून जायचंय: कागदपत्रांची पूर्तता, प्रशिक्षण आणि अनुभवी माणसाच्या शेजारी बसून काम पाहणं. तिन्ही गोष्टी प्रत्येक वेळापत्रकात असतातच. फरक पडतो तो त्या कधी आणि कशाच्या पाठोपाठ येतात, यावर.

पहिला प्रश्न रुजू होण्याच्या तारखेचा. पगाराच्या हिशेबाला सोपी म्हणून बहुतेक ठिकाणी एक तारीख धरतात. शाखेच्या दृष्टीने ती सगळ्यात वाईट. पहिल्या आठवड्यात पगार, पेन्शन आणि कर्जाचे हप्ते यांची रांग दारापर्यंत असते. सोमवारही तसाच, रविवारची तुंबलेली गर्दी घेऊन येणारा. म्हणून आपल्या शाखेने निवडला १६ तारखेचा मंगळवार. शिवाय १ सप्टेंबर २०१५ पासून दुसरा आणि चौथा शनिवार बँकांना सुट्टी असते, तेही पाहावं लागलं. १६ ला मंगळवार असेल तर येणारा शनिवार २० तारखेचा, म्हणजे तिसरा, कामाचा. मंगळवार ते शनिवार पाच दिवस आणि मग सोमवार, असा हा आठवडा. गर्दीचा सोमवार पहिल्या दिवशी अंगावर येण्याऐवजी शेवटी परीक्षेसारखा येतो.

खरं काम मात्र ती येण्याच्या चार दिवस आधी सुरू होतं. मुख्य कार्यालयाच्या संगणक विभागाला तिच्या नावाचा युजर आयडी मागायचा. हे किरकोळ वाटतं, पण पहिला आठवडा बिघडतो तो इथेच. बँकेत एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने ती पास करायची, असा दुहेरी हाताचा नियम आहे. प्रत्येक नोंदीवर करणाऱ्याचा आयडी कायमचा राहतो. नव्या माणसाचा आयडी आला नाही, की शेजारची ताई प्रेमाने म्हणते, 'माझ्यावर कर गं तोपर्यंत.' त्या क्षणी दुहेरी हाताचा नियम संपतो. उद्या चूक निघाली तर ती ताईच्या नावावर आणि शिकणारीच्या हाताची. आयडी आलेला नसेल तर तिने फक्त पाहावं, कळफलकाला हात लावू नये, हे शाखाधिकाऱ्याने आधीच बजावून ठेवावं लागतं.

मंगळवारी सकाळी दीड तास कागदपत्रं. नेमणूकपत्रावर सही, गोपनीयतेचं प्रतिज्ञापत्र, भविष्यनिर्वाह निधीचा फॉर्म ११. या फॉर्ममध्ये आधी कुठे नोकरी होती का आणि जुना यूएएन आहे का, ते सांगायचं असतं. जुना क्रमांक लपवला किंवा आठवला नाही, तर दोन खाती तयार होतात आणि ती जोडण्याचं झेंगट पुढे वर्षानुवर्षं चालतं. पीएफच्या नामनिर्देशनाला त्या दिवशी हात लावायचा नाही. त्यासाठी घरच्यांचे आधार क्रमांक आणि फोटो लागतात, ते आणायला दोन दिवस द्यायचे. हे काम गुरुवारवर टाकलेलं आहे. सगळे फॉर्म पहिल्याच दिवशी उरकायचा हट्ट धरला, तर माणूस न वाचता सह्या करतो.

मग येतो या वेळापत्रकातला सगळ्यात हुशार तास. तिला पगारासाठी याच शाखेत खातं उघडायचं आहे. ते दुसऱ्या कोणी भरून द्यायचं नाही. फॉर्म तिने स्वतः भरायचा, स्वतःची ओळखपत्रं मूळ प्रतींशी पडताळून दाखवायची, नावाच्या स्पेलिंगमध्ये पॅन आणि आधारमध्ये फरक आहे का ते पाहायचं, नॉमिनी लिहायचा. प्रशासकीय काम आणि केवायसीचं प्रशिक्षण एकाच बैठकीत होतं. ग्राहक काउंटरवर का कुरकुरतो, तेही तिला त्याच वेळी कळतं.

दुपारचा अर्धा तास ती ग्राहकांच्या बाकावर बसते. कोण कुठल्या खिडकीवर जातं, कोणाला परत पाठवलं जातं, स्लिप भरायला कोण कोणाला विनवतं, हे तिथून जेवढं दिसतं तेवढं काचेमागून दिसत नाही. नंतर शाखेची फेरी: अग्निशामक कुठे, सायरनचं बटण कुठे, आणि स्ट्राँगरूमच्या दोन किल्ल्या दोन वेगळ्या माणसांकडे का असतात.

बुधवारपासून कॅश. इथे शेजारी बसून शिकण्याची कल्पना अडखळते, आणि त्याचं कारण बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं. कॅश शॉर्ट आली तर ती भरण्याची वेळ कॅशियरवरच येते. मग तो आपल्या गल्ल्याला नवख्या हाताला का शिवू देईल? तो म्हणणार, 'बघ नुसती.' आणि ती तीन दिवस नुसती बघणार. कॅशियरला यावरून अडमुठा म्हणणं अन्यायाचं आहे. व्यवस्थेने त्याच्या खिशाला धक्का न लागता शिकवता येईल, अशी सोय केली पाहिजे.

आपल्या शाखेची सोय साधी आहे. सकाळी गर्दीच्या वेळी ती मागे खुर्ची टाकून पाहते, पण रिकाम्या हाताने नव्हे. तिच्याजवळ एक कागद असतो आणि प्रत्येक व्यवहारात कॅशियरने कशाच्या आधी काय केलं, ते ती टिपते. स्लिपवरची अक्षरी आणि अंकी रक्कम आधी जुळवली, मग नोटा घेतल्या, नोटांचा तपशील स्लिपच्या मागे लिहिला, दोनदा मोजल्या, मगच नोंद केली. साडेतीननंतर ती मोजायला बसते, ते आधीच मोजून बंद झालेल्या शंभर नोटांच्या गड्ड्या. बरोबर आकडा आधीच माहीत असल्याने कोणाचं नुकसान नाही. गुरुवारी हेच उलटं: ती काम करते आणि कॅशियर मागे बसतो, पण फक्त अकरापूर्वी, तेही लहान रकमांसाठी, आणि त्याच्या होकाराशिवाय पैसे काचेबाहेर जात नाहीत.

बुधवारी दुपारी चार ते पाच प्रशिक्षण, विषय एकच: खोटी नोट. ५०० ची नोट ६६ बाय १५० मिलिमीटरची. तिरपी केली की सुरक्षा धागा हिरव्याचा निळा होतो. दोन्ही कडांना पाच तिरक्या उठावदार रेषा, अंध व्यक्तींना बोटांनी कळाव्यात अशा. ओळखण्यापेक्षा अवघड असतं पुढचं वागणं. खोटी नोट ग्राहकाला परत करायची नाही, तिचे पैसेही द्यायचे नाहीत. तिच्यावर ठरलेला शिक्का मारायचा, जप्त करायची आणि पावती द्यायची, ग्राहक सही करायला तयार नसला तरी. एका व्यवहारात चारपर्यंत नोटा सापडल्या तर पोलिसांना महिनाअखेरीचा एकत्रित अहवाल जातो, पाच किंवा अधिक असतील तर थेट गुन्हा नोंदवायचा. ओळखीचे दुकानदार काका 'अगं, दे परत, मी बघतो' म्हणतात, तेव्हा काय बोलायचं, याचा सराव शाखाधिकारी स्वतः काका बनून करून घेतात. हा तास गंमतीचा होतो आणि म्हणून लक्षात राहतो.

विषय एकच ठेवण्यामागे कारण आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. पाठ केलेल्या निरर्थक अक्षरांपैकी बरीच पहिल्या दिवसातच विसरली जातात, असं त्याला आढळलं. बँकेचे नियम निरर्थक नसले, तरी सलग सहा तास ऐकल्यावर जवळपास तसेच वाटू लागतात. म्हणून दुपारी शिकलेलं दुसऱ्या दिवशी सकाळी काउंटरवर दिसलं पाहिजे, हा या आठवड्याचा सांधा.

शुक्रवारी ती दिवसअखेरीला बसली आणि कॅश जुळेना. गल्ल्यात संगणकापेक्षा ९०० रुपये कमी. तिच्या तोंडचं पाणी पळालं. अनुभवी कॅशियरने मात्र नोटांना हातच लावला नाही. त्याने आधी फरकाला नऊने भागलं. भाग पूर्ण गेला, की शेजारशेजारचे आकडे उलटे पडल्याचा संशय घ्यायचा. स्लिपा चाळल्यावर सापडली एक ४,५०० ची जमा, संगणकात ५,४०० टिपलेली. नोंदीची दुरुस्ती पास होईपर्यंत पाच मिनिटं. हा फरक ३०० असता, तर त्याने वेगळीकडे शोधलं असतं: दोनशेऐवजी पाचशेची नोट गेली की नेमके ३०० कमी पडतात. नऊचा नियम खात्रीचा नाही, कारण अशा तीन चुका झाल्या तरी ९०० च येतात. कुठून शोधायला लागायचं, एवढंच तो सांगतो. असा धडा वेळापत्रकात लिहिता येत नाही. लिहिता येते ती दिवसअखेरीच्या तासाची जागा, आणि ती मोकळी ठेवलेली होती म्हणून तो मिळाला. पुष्कळ शाखांत नव्या माणसाला 'दमली असशील' म्हणून चारलाच घरी पाठवतात.

शनिवारी सकाळी लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याची माहिती. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावी, असं २०१३ चा कायदा सांगतो. शाखेत नऊच माणसं असली, तरी तक्रार मुख्य कार्यालयात कोणाकडे जाईल, त्या सदस्यांची नावं आणि फोन तिच्या वहीत लिहून दिले जातात. मग अर्धा तास शाखाधिकाऱ्यांसोबत. ते 'कसं चाललंय?' असं विचारत नाहीत, कारण त्याचं उत्तर 'छान' हेच येतं. ते तिचा कागद मागतात, ज्यावर ती पाच दिवस क्रम टिपत होती. त्यात प्रश्नचिन्हं दिसली तर आठवडा बरा चालला आहे. सगळीकडे नुसत्या बरोबरच्या खुणा असतील, तर ती पाहत नव्हती किंवा विचारायला घाबरत होती.

या वेळापत्रकाची मर्यादाही आहे. कॅशियर अचानक रजेवर गेला, की सगळं कोसळतं. तीन माणसांच्या शाखेत तर मागे बसायला माणूसच नसतो. तिथे पहिले चार दिवस जवळच्या मोठ्या शाखेत पाठवणं हाच मार्ग उरतो, आणि प्रवासखर्च कोणी द्यायचा यावर मुख्य कार्यालयाशी पत्रव्यवहार.

सोमवारी, २२ तारखेला, अकरा वाजता रांग दारापर्यंत गेली होती. तिला दुसऱ्या काउंटरवर बसवलं, फक्त भरणा घ्यायला, पैसे द्यायला नाही. मागच्या खुर्चीवर कॅशियरऐवजी या वेळी शाखाधिकारी होते. दिवसअखेरीला कॅश पहिल्या फटक्यात जुळली. तिच्या कागदावर अजून लॉकर, चेक क्लिअरिंग आणि मुदत ठेवी हे तीन रकाने कोरे होते. ते पुढच्या महिन्याच्या वेळापत्रकात आहेत, १ ते १० तारखा वगळून.