आजीने विचारलेला प्रश्न

आमची आई पाच वेळा बाळंत झाली, ती भंडारा जिल्ह्यातील मातीच्या घरात, दाईच्या हातून. गर्भारपणी तिच्या रक्ताचा एक थेंबही कोणी तपासला नव्हता. ती इंग्लंडला आमच्याकडे आली, तेव्हा आमच्या कन्येला नुकताच तिसरा महिना लागत होता. मिडवाइफने पहिल्याच भेटीत रक्ताच्या नळ्या भरून घेतल्या आणि दोन्ही घराण्यांचे मूळ कोणत्या प्रदेशातले, हेही विचारले.

आजीला नवल वाटले. "बाळ पोटात हाय, अन् हे आमचं मूळ काहून पुसतात?"

तो प्रश्न जातीचा नव्हता, सिकलसेलचा होता. या आजारात रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि लवकर नष्ट होतात. विदर्भात आदिवासींमध्ये आणि आपल्या समाजातही तो आढळतो. म्हणून इथे गरोदरपणाच्या दहा आठवड्यांच्या आत ही तपासणी व्हावी असा प्रयत्न असतो.

अहवाल आला. कन्या वाहक निघाली. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. दोष एकाच पालकाकडून आलेला असतो आणि बहुधा काहीच त्रास होत नाही. मात्र पतीही वाहक असेल, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. म्हणून नागपूरच्या आमच्या जावयांचेही रक्त घेतले गेले.

कन्या हे समजावून सांगत असताना आजी एकाएकी म्हणाली, "माह्या तिसऱ्या पोराच्या हातापायाची बोटं सुजत. डोळे पिवळे होत. अंग दुखलं की रातभर रडे. चौथ्या वर्षी तापात गेला."

सासरच्यांनी त्या मृत्यूचा दोष आईलाच दिला होता. पन्नास वर्षे ती तो मुकाट्याने वाहत होती.

"म्हणजे माह्याच रक्तानं गेला का?" तिने विचारले.

"नाही गं आजी," कन्या म्हणाली. "तू सांगतेस ती लक्षणं याच आजाराची वाटतात. पण आज त्याची तपासणी करता येत नाही. आणि हा आजार असेलच, तर एक वाटा तुझ्याकडून आला, दुसरा आजोबांकडून. दोघांना ठाऊकही नव्हतं. यात दोष कोणाचाच नाही."

आई बराच वेळ बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "तेव्हा कोणी सांगतलं असतं तर?"

तर ताप येताच दवाखाना गाठला गेला असता; आज अशा मुलांना लहानपणापासून पेनिसिलिन व लसीही दिल्या जातात. अशा मुलांचा बळी अनेकदा जंतुसंसर्गच घेतो.

जावयांचा अहवाल निर्दोष आला. त्यामुळे बाळाला सिकलसेलचा आजार होणार नाही; ते वाहक असण्याची शक्यता मात्र निम्मी आहे. जन्मानंतर पाचव्या दिवशी टाचेतून घेतलेल्या रक्तावरून तेही कळेल.

आता आजीचा हट्ट एकच आहे: गावाकडच्या सर्व नातवंडांचे रक्त लग्नाआधी तपासून घ्यावे. पहिला फोन तिने स्वतःच थोरल्या मुलाला लावला.