टार्टारिक आम्लाची तीन रूपे

चिंचेच्या आणि द्राक्षाच्या आंबटपणामागे जे टार्टारिक आम्ल असते, त्याचा रेणू चार कार्बन अणूंच्या लहानशा साखळीचा आहे. साखळीच्या दोन्ही टोकांना कार्बोक्सिल गट असतो आणि मधल्या दोन कार्बनांवर प्रत्येकी एक हायड्रॉक्सिल गट व एक हायड्रोजन: HOOC–CH(OH)–CH(OH)–COOH. कोणता अणू कोणाला जोडलेला आहे, एवढेच हे सूत्र सांगते. प्रत्यक्षात या एकाच सूत्राचे तीन वेगवेगळे पदार्थ आहेत. त्यांच्यातला फरक जोडणीत नाही, अणूंच्या अवकाशातील मांडणीत आहे.

हा फरक मधल्या दोन कार्बनांमुळे येतो. त्यांपैकी कोणताही एक घेतला, तर त्याच्याभोवती चार निरनिराळे गट दिसतात: हायड्रॉक्सिल, कार्बोक्सिल, हायड्रोजन आणि उरलेली अर्धी साखळी. असे चार गट एका कार्बनाभोवती दोनच प्रकारे बसू शकतात. या दोन मांडण्यांना R आणि S अशी चिन्हे देतात, आणि अशा कार्बनाला स्टिरिओकेंद्र म्हणतात. टार्टारिक आम्लात अशी दोन केंद्रे असल्याने कागदावर चार जोड्या तयार होतात: RR, SS, RS आणि SR. रूपे चार लिहिता येतात, पदार्थ मात्र तीनच मिळतात. चौथे कुठे गेले, हे समजण्यासाठी या चारांमधली नाती तपासावी लागतात.

आरशात प्रतिबिंब घेतले की रेणूतील प्रत्येक केंद्र उलटते. R चा S होतो आणि S चा R. म्हणून RR चे प्रतिबिंब SS असते. हे दोन रेणू कसेही फिरवले तरी एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत. अशा जोडीला एनॅन्शिओमर म्हणतात. दोघांतील अणूंची आपापसांतली अंतरे आणि कोन अगदी सारखे असतात, त्यामुळे त्यांचे साधे गुणधर्मही सारखेच राहतात. दोघेही 168 ते 170 अंश सेल्सिअसला वितळतात आणि 20 अंशांना 100 मिलिलिटर पाण्यात दोघांचेही सुमारे 139 ग्रॅम विरघळतात. फरक दिसतो तो ध्रुवित प्रकाशात. द्राक्षात आणि चिंचेत आढळणारे RR रूप प्रकाशाचे प्रतल उजवीकडे वळवते, SS रूप तितकेच डावीकडे. त्यांचे विशिष्ट वलन अनुक्रमे +12 आणि −12 अंश आहे.

आता RR रेणूतील एकच केंद्र उलटले, तर RS मिळतो. हा RR चे प्रतिबिंब नाही, कारण त्यासाठी दोन्ही केंद्रे उलटायला हवी होती. स्टिरिओरूपे असूनही एकमेकांची प्रतिबिंबे नसलेल्या अशा रेणूंना डायास्टिरिओमर म्हणतात. इथे रेणूचा आकारच बदलतो: साखळी एका विशिष्ट वळणात धरली, तर एका रेणूत जे गट जवळ येतात ते दुसऱ्यात दूर राहतात. म्हणून गुणधर्मही बदलतात. RS रूप 146 ते 148 अंशांना वितळते आणि 100 मिलिलिटर पाण्यात त्याचे सुमारे 125 ग्रॅम विरघळतात. दोन डायास्टिरिओमर स्फटिकीकरणासारख्या नेहमीच्या पद्धतींनी वेगळे करता येतात. एनॅन्शिओमरांना या पद्धती सहसा दाद देत नाहीत.

राहिली RS आणि SR ही जोडी. नियमाने ती एकमेकांची प्रतिबिंबे ठरते. पण टार्टारिक आम्लाच्या दोन्ही मधल्या कार्बनांवरचे चार गट अगदी तेच आहेत, त्यामुळे साखळीचे कोणते टोक पहिले मानायचे हे फक्त मोजणाऱ्यावर अवलंबून असते. RS रेणू टोकाकडून टोकाकडे फिरवला की तोच SR म्हणून वाचला जातो. चौथे रूप म्हणजे तिसरेच, दुसऱ्या बाजूने वाचलेले. स्टिरिओकेंद्रे असूनही आपल्या प्रतिबिंबाशी एकरूप असलेल्या अशा रेणूला मेसो संयुग म्हणतात. नमस्कारात डावा आणि उजवा तळहात जुळतात तेव्हा प्रत्येक हात एकट्याने एकतर्फी असतो, पण त्या जोडीचे प्रतिबिंब पुन्हा तीच जोडी असते. मेसो रेणूचे दोन अर्धे याच नात्याने जोडलेले असतात. एका अर्ध्याचा प्रकाशावरचा परिणाम दुसरा अर्धा पुसून टाकतो आणि वलन शून्य येते. द्रावणात साखळी मधल्या बंधाभोवती सतत फिरत असते आणि तिच्या काही क्षणिक वळणांत सममिती नसतेही, परंतु अशा प्रत्येक वळणाचे प्रतिबिंब तितक्याच प्रमाणात हजर असते, म्हणून शून्य शून्यच राहते.

शून्य वलन दिसले म्हणजे पदार्थ मेसोच, असे मात्र नाही. RR आणि SS समप्रमाणात मिसळले तरी वलन शून्यच येते. या रेसमिक आम्लाचा द्रवणांक 206 अंश आहे आणि 100 मिलिलिटर पाण्यात ते जेमतेम 20.6 ग्रॅम विरघळते, त्यामुळे द्रवणांक पाहिला की दोघांतला फरक लगेच कळतो. खरा भेद याहून खोल आहे: रेसमिक आम्ल दोन घटकांत फोडता येते, मेसो आम्लात फोडण्यासारखे काही नसतेच.

हे फोडण्याचे काम लुई पाश्चर यांनी 1848 मध्ये केले. त्यांनी रेसमिक आम्लाचे सोडियम अमोनियम क्षार सावकाश स्फटिकरूप होऊ दिले आणि डाव्या-उजव्या पैलूंचे स्फटिक चिमट्याने वेगळे केले. दोन्ही ढिगांची द्रावणे प्रकाशाला विरुद्ध दिशांना वळवत होती. यात तापमानाची मोठी साथ होती. सुमारे 27 अंशांच्या वर या क्षाराच्या प्रत्येक स्फटिकात दोन्ही रूपे एकत्र बसतात आणि वेचण्यासारखे काही उरत नाही. पुढे 1853 मध्ये पाश्चर यांनी अधिक भरवशाची वाट शोधली. सिंकोना झाडाच्या सालीपासून मिळणारे एकतर्फी अल्कधर्मी पदार्थ रेसमिक आम्लात मिसळले की दोन क्षार बनतात. आम्लाचा भाग दोघांत उलटा, अल्कधर्मी भाग मात्र तोच, म्हणून हे क्षार परस्परांचे डायास्टिरिओमर ठरतात. त्यांची विद्राव्यता वेगळी असते आणि एक आधी स्फटिकरूपात खाली बसतो. याच वर्षी असे क्षार 170 अंशांच्या आसपास तापवून त्यांनी मेसो आम्लही मिळवले: उष्णतेने काही रेणूंतले एक केंद्र उलटून मेसो रूप झाले, काहींतली दोन्ही उलटून SS रूप.

दोन्ही टोके सारखी नसली तर मेसो रूप होऊच शकत नाही. चार कार्बनांच्या एरिथ्रोज आणि थ्रिओज या साखरांतही मधे दोन स्टिरिओकेंद्रे असतात, पण एका टोकाला अल्डिहाइड गट आणि दुसऱ्याला CH₂OH असतो. इथे चारही रूपे खरी आहेत: एरिथ्रोजची एक एनॅन्शिओमर जोडी, थ्रिओजची दुसरी, आणि एका जोडीतला कोणताही रेणू दुसऱ्या जोडीतल्या रेणूचा डायास्टिरिओमर. नायट्रिक आम्लाने दोन्ही टोकांचे कार्बोक्सिल गट केले की साखरेचे टार्टारिक आम्ल होते, मधल्या केंद्रांना धक्का लागत नाही. डी-थ्रिओजपासून मिळालेले आम्ल प्रकाश डावीकडे वळवते. डी-एरिथ्रोजपासून मिळालेले आम्ल मुळीच वळवत नाही, कारण टोके सारखी होताच तो रेणू मेसो झालेला असतो.