नकाशावरची नावे आणि बाणांचा हिशेब

नकाशावर गाव म्हणजे एक ठिपका. गावाचे नाव त्या ठिपक्याच्या डावीकडे किंवा उजवीकडे लिहायचे, एवढीच मुभा आहे असे धरू. गावे दूरदूर असतील तर प्रश्न नाही. दाटी झाली की नावे एकमेकांवर चढतात. हजार गावे असतील तर डाव्या-उजव्याच्या एकूण जुळण्यांची संख्या 302 आकडी होते. त्या एकेक करून तपासणे कोणत्याही संगणकाला जमणार नाही. तरीही हा प्रश्न साध्या लॅपटॉपवर क्षणात सुटतो. कसा, ते तीन गावांवर पाहू.

क आणि ख एकाच ओळीत आहेत, क पश्चिमेला. ग हे ख च्या अगदी खाली, जवळजवळ चिकटून. क चे नाव उजवीकडे आणि ख चे डावीकडे लिहिले तर मधल्या जागेत टक्कर होते. क उजवीकडे आणि ग डावीकडे असले तरी तेच. ख आणि ग दोन्ही उजवीकडे चालत नाहीत, दोन्ही डावीकडेही नाहीत.

या प्रत्येक अडचणीतून एक अट निघते आणि प्रत्येक अटीत दोनच पर्याय असतात. पहिली अट अशी: ‘क डावे किंवा ख उजवे’, यातले निदान एक खरे हवे. संगणकशास्त्रात अशा प्रश्नाला टू-सॅट म्हणतात. दोनच पर्याय असल्यामुळे एक खोटा ठरला की दुसरा आपोआप बांधला जातो. म्हणून प्रत्येक अटीचे दोन बाण काढता येतात: ‘क उजवे’कडून ‘ख उजवे’कडे, आणि ‘ख डावे’कडून ‘क डावे’कडे. सगळ्या अटींचे असे बाण काढले की जी आकृती तयार होते, ती इम्प्लिकेशन ग्राफ. प्रत्येक गावाचे तिच्यात दोन बिंदू असतात, एक डाव्याचा आणि एक उजव्याचा.

आता बाणांमागून चालत जाऊ.

क उजवे → ख उजवे → ग डावे → क डावे

म्हणजे क उजवीकडे लिहिले तर ते डावीकडेच लिहावे लागते. तेव्हा क डावीकडेच. पण ‘क डावे’पासून पुढे एकही बाण निघत नाही, त्यामुळे तिथे अडचण नाही. ‘ख उजवे’ आणि ‘ग डावे’ या दोन बिंदूंमध्ये मात्र जाता येते आणि परतही येता येते. ज्या बिंदूंमध्ये असे दोन्ही बाजूंनी जाता येते त्यांच्या गटाला स्ट्राँगली कनेक्टेड कंपोनंट म्हणतात. गटातले सगळे एकत्र खरे किंवा एकत्र खोटे. इथे ख उजवीकडे आणि ग डावीकडे ठेवले की नकाशा तयार.

समजा क च्या डावीकडे सूचीची चौकट आली. आता क उजवीकडेच हवे. ही अट ‘क उजवे किंवा क उजवे’ अशी मांडायची, म्हणजे ‘क डावे’कडून ‘क उजवे’कडे बाण जातो. मघाची साखळी बंद झाली. ‘क उजवे’ आणि ‘क डावे’ एकाच गटात आले, म्हणजे नकाशा अशक्य. कसोटी एवढीच आहे: कोणत्याही गावाचे दोन्ही बिंदू एका गटात सापडले तर उत्तर नाही, एकाही गावाचे तसे झाले नाही तर उत्तर नक्की आहे.

हे ‘नक्की’ महत्त्वाचे. ज्या गटातून बाहेर बाण जात नाही तो खरा मानायचा. त्याने बाहेर कुणाला बांधलेले नसते. बाण नेहमी जोडीने काढल्यामुळे त्याच्या उलट बिंदूंचाही एक गट असतो, आणि त्या गटात बाहेरून बाण येत नाही. तो खोटा मानून दोन्ही बाजूला काढायचे आणि उरलेल्यात तेच पुन्हा करायचे. कुठेही अडत नाही.

गट शोधण्याची रीत रॉबर्ट टार्जन यांनी 1972 मध्ये दिली होती. आस्पवाल आणि प्लास यांच्यासह त्यांनी 1979 मध्ये ती या प्रश्नाला लावली. प्रत्येक बाण एकदाच पाहावा लागतो, त्यामुळे अटी दुप्पट झाल्या तर वेळही साधारण दुप्पटच लागतो.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे जोडीतला दुसरा बाण विसरणे. मग अशक्य नकाशालाही प्रोग्रॅम ‘जमेल’ म्हणतो. म्हणून मिळालेले उत्तर मूळ अटींत एकेक घालून तपासावे. एखादी अट मोडली तर बाण कुठेतरी सुटला आहे.

ही रीत कुठे थांबते तेही पाहा. अटीत तीन पर्याय आले की एक खोटा ठरल्यावर उरतात दोन, आणि ‘या दोनपैकी एक’ हे एका बाणाने दाखवता येत नाही. तीन पर्यायांच्या अटींचा प्रश्न दरवेळी झटपट सोडवणारी रीत आजवर कुणालाही सापडलेली नाही. नकाशा अशक्य ठरल्यावर ‘मग जास्तीत जास्त किती अटी पाळता येतील?’ असे विचारले, तर दोन पर्यायांच्या अटींनाही तीच अडचण येते.