पेटीपासून बाठ्यापर्यंत

हापूसची कच्ची पेटी घरी आली की मी आधी मोठं घंगाळ पाण्यानं भरते आणि आंबे एकेक करून त्यात सोडते. तळाला जाऊन बसतो तो तयार आंबा. तरंगतो तो कोवळा उतरवलेला. आंबा झाडावर जून होतो तसा त्याच्या गरात पिष्ट साठत जातं, गर घट्ट होतो आणि फळ पाण्यापेक्षा जड होतं. पुढे घरात पिकताना हेच पिष्ट साखर बनतं. झाडावरून उतरल्यावर नवं पिष्ट तयार होत नाही. म्हणून कोवळ्या आंब्याला कितीही दिवस पेंढ्यात ठेवा, तो मऊ होईल, पिवळाही होईल, पण गोड होणार नाही. बहुतेक वेळा तो नुसता सुरकुततो.

गेल्या वैशाखात आणलेल्या पाच डझनांच्या पेटीतले सहा आंबे तरंगले. त्यांतल्या चारांचा मेथांबा केला, दोनांचं पन्हं. ते आढीत घातले असते तर आठ दिवसांनी फेकावे लागले असते.

बाजारात घंगाळ नेता येत नाही. तिथे देठाकडे बघायचं. तयार हापूसचे खांदे देठाच्या वर चढलेले असतात आणि देठ छोट्या खळग्यात बसलेला दिसतो. खांदे उतरते असतील तर फळ कोवळं. कोकणातले बागायतदार याला आण्यांत मोजतात. चौदा आणे तयार झालेलं फळ उतरवायला योग्य. सोळा आणे तयार होईपर्यंत ते झाडावर ठेवलं, तर आत साका होण्याचा धोका वाढतो. देठाचा छोटा तुकडा फळाला असेल तर उत्तम. देठ मुळापासून तुटला की चीक सालीवर ओघळतो, साल भाजल्यासारखी काळी पडते आणि पुढे तिथूनच कुजायला सुरुवात होते. कोकणात झेल्यानं आंबा उतरवताना देठ राखण्यासाठी धडपड असते ती याचसाठी.

पिकलेला आंबा घ्यायचा तर रंगावर विसंबू नका. हापूसचा पिवळा रंग आणि आतली गोडी यांची सांगड असतेच असं नाही. आंबा नाकाशी न्या आणि देठाजवळ हुंगा. वास तिथे आधी येतो. मग पूर्ण तळव्यात धरून हलकेच दाब द्या. सगळीकडे सारखा लवचीक लागला तर आजच खायचा. देठाकडे घट्ट असेल तर आणखी एक-दोन दिवस. अंगठ्यानं टोचून बघू नये. जिथे अंगठा रुततो तिथला गर दुसऱ्या दिवशी काळा पडतो आणि ते फळ कुणाच्या तरी घरी जायचं असतं.

सगळी पेटी एकसारखी पिवळीधमक, पण वासच नाही, तर मी ती घेत नाही. असा आंबा कॅल्शियम कार्बाइडवर पिकवलेला असू शकतो. या पुडीला ओल लागली की ॲसिटिलीन वायू निघतो आणि साल भराभर पिवळी होते, पण गर मागेच राहतो. त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंशही असतात, म्हणून फळं पिकवण्यासाठी कार्बाइड वापरायला आपल्याकडे बंदी आहे. बंद खोलीत इथिलीन वायू सोडून पिकवणं मात्र कायद्याला मान्य आहे. आंबा पिकताना स्वतःही हाच वायू सोडतो, आणि घरची आढी चालते ती त्याच जोरावर.

आढी घालायला भाताचा कोरडा पेंढा हवा. पाण्यातून काढलेले आंबे पुसून, सावलीत तासभर वाळवून घ्यावेत. देठाच्या खळग्यात पाण्याचा थेंब राहिला तर तिथे बुरशी धरते. जमिनीवर चार बोटं जाडीचा पेंढा पसरायचा, त्यावर आंबे एकमेकांना न टेकता मांडायचे, वर पुन्हा पेंढा, मग दुसरा थर. दोनाहून जास्त थर मी लावत नाही, खालच्या फळांवर भार येतो. वरून पातळ गोणपाट पुरे. पेंढा ऊब धरतो, इथिलीन थोडंफार अडवतो आणि हवाही खेळू देतो. या तीनही गोष्टी एकदम लागतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा कोंडते, आत पाण्याचे थेंब साचतात आणि आंबा पिकण्याऐवजी सडतो.

त्या पेटीची आढी मी तिसऱ्या दिवशी पहिल्यांदा उघडली. काही बदल नव्हता. पाचव्या दिवशी खोलीत शिरताच वास आला आणि एका आंब्याच्या देठापाशी काळा डाग पसरताना दिसला. तो लगेच बाहेर काढला. कुजलेलं फळ शेजारच्यांना कीड लावतं. आठव्या दिवशी पहिले चौदा आंबे तयार झाले, उरलेले बाराव्या दिवसापर्यंत टप्प्याटप्प्यानं. पिकलेले काढून घेत गेलं की सगळे एकदम अंगावर येत नाहीत.

फ्लॅटमध्ये पेंढा कुठला आणायचा? चार-पाचच आंबे असतील तर कागदी पिशवीत एक पिकलं केळं घालून तोंड सैल दुमडावं. केळं भरपूर इथिलीन सोडतं, त्यामुळे आंबे लवकर धरतात. कच्चा आंबा फ्रिजमध्ये मात्र कधीच ठेवू नये. थंडीनं सालीवर राखाडी चट्टे येतात, पिकण्याची क्रिया बिघडते आणि नंतर बाहेर काढूनही ती सावरत नाही. पूर्ण पिकलेला चार दिवस ठेवायला हरकत नाही.

कापण्याआधी आंबा अर्धा तास पाण्यात ठेवून देठाजवळचा चीक धुऊन टाकावा. मग अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवला की गर घट्ट होतो आणि सुरीखाली चिरडत नाही. आता आतली कोय ध्यानात घ्या. ती चपटी असते, आंब्याच्या रुंद बाजूंना समांतर. आंबा देठ वर करून उभा धरा, अरुंद कड आपल्याकडे. देठापासून अर्ध्या बोटावर पातळ पात्याची सुरी लावून सरळ खाली आणा. सुरी अडली तर पातं जरासं बाहेर झुकवा, ते कोयीवरून घसरत जाईल. जोर केला की कोयीचे धागे गरात येतात. दुसरी बाजूही तशीच. दोन्ही गालांवर साल न कापता उभ्या-आडव्या रेघा द्या आणि साल खालून वर ढकला. चौकोनी फोडी आपोआप उमलतात. लहान मुलांसाठी नुसता चमचा पुरतो.

कापताना कोयीलगत पांढुरका, स्पंजासारखा, आंबट वासाचा भाग दिसला तर तो साका. बाहेरून तो ओळखू येत नाही आणि त्यात विकणाऱ्याची लबाडीही नसते. मोठ्या फळांत तो जास्त आढळतो, म्हणून मी मध्यम आकाराचे आंबे घेते. तेवढा भाग काढून टाकला की उरलेला आंबा चांगला असतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ ही जात तयार केली, तिच्यात साका होत नाही.

गाल काढल्यावर कोयीच्या कडेला गराची पट्टी उरते. साल सोलून ती सुरीनं काढून घ्या. त्यानंतरही बाठ्याला बराच गर चिकटलेला असतो. तो चोखायला घरात कुणी नसेल तर बाठे आणि साली वाटीभर पाण्यात चांगल्या चोळून घ्याव्यात. साली हातानं घासल्या की दाट केशरी पाणी मिळतं. ते गाळून त्यात चवीपुरतं मीठ आणि गुळाचा खडा घालावा, तुपात जिरं, मिरची आणि हिंगाची फोडणी द्यावी आणि एक उकळी आली की उतरवावं. आंब्याचं हे सार गरम भाताबरोबर वाढावं.