पास्त्याचे पाणी आणि मिठाचा हिशेब

कोकणात भात दोन तऱ्हांनी शिजतो. एकात भरपूर पाणी घालून भात शिजवायचा आणि वरचे पाणी वेळून काढायचे. दुसऱ्यात बेताचे पाणी घालून ते भातातच आटू द्यायचे. पास्त्याचेही तसेच आहे. पुस्तकी पद्धत पहिल्या तऱ्हेची. 100 ग्रॅम कोरड्या पास्त्याला 1 लिटर उकळते पाणी, त्यात 10 ग्रॅम मीठ, आणि शिजल्यावर सगळे चाळणीत ओतायचे. अलीकडे अनेक जण दुसरी तऱ्हा वापरतात. मोजके पाणी घेऊन मायक्रोवेव्हमध्ये किंवा एकाच पातेल्यात पास्ता शिजवतात आणि पाणी टाकून देत नाहीत. एकट्या राहणाऱ्याला ही पद्धत सोयीची आहे आणि नीट केली तर पास्ता उत्तम होतो. मात्र पाण्याचे माप बदलताना मिठाचे माप बदलायचे राहून जाते. रक्तदाबाचे रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरचा संबंध तेथे येतो.

आधी पद्धत पाहू. 100 ग्रॅम पास्ता शिजून साधारण 230 ग्रॅम होतो, म्हणजे तो 130 मिलिलिटरच्या आसपास पाणी पितो. बाकीचे पाणी तो तरंगावा आणि चिकटू नये यासाठी असते. पास्ता चिकटतो तो पहिल्या काही मिनिटांत. तेव्हा पृष्ठभागावरचा स्टार्च फुगून खळीसारखा होतो आणि शेजारचे तुकडे एकमेकांना धरतात. भरपूर पाण्यात ही खळी पातळ होऊन जाते. मोजक्या पाण्यात ते काम चमच्याने करावे लागते. पाणी कमी, तर ढवळणे जास्त, एवढाच हा सौदा आहे.

एका माणसाचा मायक्रोवेव्हमधला पास्ता घेऊ. दीड-दोन लिटरच्या खोल काचेच्या भांड्यात 100 ग्रॅम पेने आणि 300 मिलिलिटर साधे पाणी घ्या. पास्ता जेमतेम बुडेल. 800 वॅटच्या ओव्हनमध्ये पूर्ण शक्तीवर सुमारे 3 मिनिटांत पाणी उकळू लागते. भांडे बाहेर काढून तळापासून नीट ढवळा. हे ढवळणे सर्वांत महत्त्वाचे. मग शक्ती निम्मी करा आणि पाकिटावर लिहिलेला वेळ द्या. पेनेला तो बहुधा 11 मिनिटांच्या आसपास असतो. मध्ये दोनदा थांबवून ढवळा, कारण पाण्याबाहेर राहिलेले वरचे तुकडे कडकच राहतात. शेवटी झाकण ठेवून 2 मिनिटे मुरू द्या.

शक्ती निम्मी करण्याला कारण आहे. 800 वॅटवर पाणी 10 मिनिटे उकळत ठेवले, तर जवळजवळ 200 मिलिलिटरची वाफ होऊन जाते आणि पास्त्याला प्यायला पाणी पुरत नाही. वर स्टार्चचा फेस चढून भांड्याबाहेर येतो, तो वेगळाच. निम्म्या शक्तीवर सुमारे 100 मिलिलिटर उडते, 130 पास्ता पितो आणि तळाशी 60-70 मिलिलिटर दाटसर पाणी उरते. तोच सॉसचा आधार. झाकण काढताना ते आपल्यापासून दूर असलेल्या कडेने उचला. पहिली वाफ मनगटावर बसते.

गॅसवर पातेल्यात करायचा असेल, तर एवढ्याच पास्त्याला 350 मिलिलिटर पाणी घ्या. उकळी आल्यावर आच मंद करून झाकण थोडे उघडे ठेवा आणि दर दोन मिनिटांनी ढवळा. चौघांसाठी मात्र सगळे चौपट करू नका. पास्ता पिणार ते पाणी चौपट होते, वाफ होऊन जाणारे होत नाही. 400 ग्रॅमला 1100 मिलिलिटर पुरते. शिजला की नाही, ते एक तुकडा मधोमध तोडून पाहा. आत पांढरा ठिपका असेल आणि पाणी आटले असेल, तर 50 मिलिलिटर उकळते पाणी घालून 2 मिनिटे वाढवा.

आता मीठ. पुस्तकी पद्धतीत 1 लिटर पाण्यात 10 ग्रॅम मीठ पडते, पण पास्त्यात शिरते ते त्याने प्यायलेल्या पाण्यापुरते, म्हणजे एक-दीड ग्रॅम. उरलेले मोरीत जाते. मोजक्या पाण्यात ओतून देण्यासारखे काही उरत नाही. जेवढे मीठ घातले तेवढे सगळे पोटात जाते.

आमच्या बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या एका पन्नाशीच्या रुग्णाचे उदाहरण देतो. बदली झाल्यावर ते एकटे राहू लागले. औषधे तीच, वेळेवर घेतलेली, तरी वरचा रक्तदाब 138 वरून 156 वर गेला. रोज रात्री काय खाता, असे विचारल्यावर मायक्रोवेव्हमधल्या पास्त्याची कृती समजली. पाणी 300 मिलिलिटर, मीठ अर्धा चहाचा चमचा, वर मसाल्याची पुडी आणि चीजचा एक क्यूब. अर्ध्या चमच्यात अडीच ते तीन ग्रॅम मीठ मावते. पुडी आणि चीज धरले, तर एका जेवणात 4 ग्रॅमच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा दिवसभरासाठी 5 ग्रॅमहून कमी आहे. “सर, आधी तर मी पूर्ण चमचा घालायचो, आता अर्धाच घालतो,” ते म्हणाले. त्यांचे खरे होते. पण पूर्वीचा पूर्ण चमचा बहुतांश चाळणीतून वाहून जात असे.

त्यांना पाण्यात मीठ घालणे बंद करून, पास्ता शिजल्यावर चव पाहून घालायला सांगितले. दोन महिन्यांनी रक्तदाब 140 होता. त्यांनी लोणचे-पापडही कमी केले होते, त्यामुळे सगळे श्रेय पास्त्याला देता येणार नाही. 100 ग्रॅमला 1 ग्रॅम मीठ, म्हणजे साधारण तीन चिमटी, चवीला पुरते. पुडी किंवा चीज वापरणार असाल, तर तेवढेही लागत नाही.

पाणी न ओतण्याचा थोडा फायदाही आहे. पाण्यात विरघळणारी ब गटातील जीवनसत्त्वे भांड्यातच राहतात. मधुमेही व्यक्तींनी मात्र एक ध्यानात ठेवावे. पाण्यात उतरलेला थोडा स्टार्च पोटात गेल्याने साखरेत फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो किती खाल्ला आणि किती शिजवला याने. ड्युरम गव्हाच्या पास्त्यात स्टार्चभोवती प्रथिनांची घट्ट जाळी असते, त्यामुळे तो सावकाश पचतो. गचका होईपर्यंत शिजवला, की ही जाळी सैल होते आणि साखर लवकर चढते. 100 ग्रॅम कोरड्या पास्त्यात 70 ग्रॅमहून अधिक कर्बोदके असतात. तेव्हा 50-60 ग्रॅम पास्ता घ्यावा, बाकी ताट भाज्या आणि पनीर किंवा अंड्याने भरावे. दाताखाली किंचित घट्ट लागला, की ओव्हन बंद करावा. मुरण्याच्या दोन मिनिटांत तो आणखी थोडा शिजतोच.