ब्युरेट फुटली कशी, तेही लिहा

बारावीच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत फूटतूट नोंदवही असतेच. त्यातली नेहमीची ओळ अशी: तारीख, 'ब्युरेट 50 मिली', 'नग 1', 'फुटली', आणि शेवटी सही. हिशेब तपासणाऱ्याला एवढं पुरतं. पण एप्रिलमध्ये पुढच्या वर्षाच्या खरेदीची यादी करायला बसलेल्या शिक्षकाला या ओळीचा फारसा उपयोग होत नाही. ब्युरेट नळाखाली धुताना टोक आपटून गेली, तोटी अडकली म्हणून पिळताना तुटली, की स्टँडच्या पकडीतून निसटून खाली आली? तिन्हींचे उपाय वेगवेगळे आहेत, आणि त्यांवर होणारा खर्चही.

म्हणून वहीत आणखी तीन रकाने हवेत. पहिला कारणाचा. दुसरा प्रसंगाचा, म्हणजे कुठली तुकडी, कुठला प्रयोग, आणि फूट काम करताना झाली, धुताना झाली की कपाटात ठेवताना. तिसरा त्या वस्तूच्या शेवटच्या खरेदीच्या दराचा. नोंद त्याच दिवशी व्हावी आणि काचा टाकण्याआधी व्हावी, कारण तुकडा पाहिला की कारण बहुतेक वेळा कळतं. परीक्षानळीचा तळ गोल चकतीसारखा निघून आला असेल, तर ती बाहेरून ओली असताना ज्योतीवर धरलेली असते किंवा तापलेली असताना थंड पाण्याखाली गेलेली असते. तोटीपाशी पांढुरका थर दिसला, तर सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण आत तसंच राहिलेलं असतं. अल्कली काचेला हळूहळू खातो, त्यामुळे घासलेल्या काचेची तोटी आपल्या खोबणीत घट्ट बसते. पुढच्या तासाला कुणीतरी जोर लावतं आणि ती तुटते.

आता एक हिशेब मांडू. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. एका कनिष्ठ महाविद्यालयात प्रात्यक्षिकासाठी वीस-वीस विद्यार्थ्यांच्या तुकड्या आहेत आणि फेब्रुवारीतल्या बोर्डाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत प्रत्येकाला स्वतःची ब्युरेट लागते. म्हणजे परीक्षेच्या दिवशी 20 चांगल्या ब्युरेट हातात हव्यात. जूनमध्ये 24 होत्या. वर्षभरात वहीत 5 फुटल्याची नोंद झाली, म्हणजे एप्रिलमध्ये 19 उरायला हव्यात. प्रत्यक्ष मोजल्या तर 17 निघाल्या. दोन ब्युरेट वहीत न येताच गेल्या.

हे दोनच या मोजणीतले सर्वांत महत्त्वाचे आकडे आहेत असं मला वाटतं. काच फुटली की विद्यार्थ्याकडून भरपाई घेण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. भरपाईची भीती असली की तुकडे दप्तरात किंवा कचऱ्यात जातात आणि नोंद होत नाही. मोजणीतली तूट सांगते की वही किती खोटी बोलते आहे. निष्काळजीपणाला दंड असावा, पण पहिल्या फुटीला नसावा. वस्तूच्या किमतीपेक्षा त्या वस्तूची खरी नोंद शाळेला जास्त मोलाची आहे. नोंद लपली तर खरेदीचा अंदाजच चुकतो.

त्यामुळे अंदाज वहीतल्या पाचांवर नाही, प्रत्यक्ष घटलेल्या सातांवर करायचा. मागच्या दोन वर्षांची प्रत्यक्ष घट 6 आणि 14 होती. चौदाचा आकडा पाहून दचकायला होतं, पण त्यातल्या 8 एकाच दिवशी गेल्या होत्या. कपाटातला एक फळा निसटला होता. असा प्रसंग सरासरीत धरायचा नाही, नाहीतर दरवर्षी फळा पडणार आहे असं गृहीत धरल्यासारखं होतं. त्याची वेगळी नोंद ठेवायची आणि फळ्याचे आधार बदलायचे. उरतात 6, 6 आणि 7, म्हणजे सरासरी साडेसहाच्या आत. फूट वाढत्या बाजूला धरून 7 घेऊ.

फेब्रुवारीत 20 हव्यात आणि वाटेत 7 जाणार, म्हणजे जूनमध्ये 27 हव्यात. हाती 17, म्हणून खरेदी 10 ची. दर नगाला कर आणि वाहतूक धरून 350 रुपये मानला तर 3500 रुपये. नेहमीच्या सवयीने 'यंदा 5 फुटल्या, 5 आणू' असं लिहिलं असतं, तर जूनमध्ये 22 असत्या आणि परीक्षेपर्यंत त्या 15 वर आल्या असत्या. पाच मुलं ब्युरेटसाठी थांबली असती.

आता कारणांचा रकाना कामाला येतो. या तीन वर्षांच्या 19 फुटींपैकी 17 ची कारणं लिहिलेली आहेत. त्यातल्या 10 धुताना नळावर किंवा सिंकच्या काठावर टोक आपटून गेल्या, 4 अडकलेल्या तोटीमुळे आणि 3 पडून. धुताना वर्षाला साधारण तीन-सव्वातीन ब्युरेट जातात, म्हणजे जवळपास 1150 रुपये. दहा नळांच्या तोंडांना रबरी नळीचे तुकडे बसवायचे आणि ब्युरेट आडवी न धरता उभी धरून धुवायची. नळाला 40 रुपये धरले तर 400 रुपये लागतात. धुतानाची निम्मीच फूट टळली तरी पहिल्याच वर्षी हा खर्च निघतो. तोट्यांसाठी तर पैसेही लागत नाहीत. अल्कलीचा तास संपला की ब्युरेट सौम्य आम्लाने आणि मग पाण्याने धुवायची, तोटी काढून पुसायची आणि परत बसवताना मधे कागदाची पट्टी ठेवायची. मात्र नळ्या बसवल्या म्हणून याच वर्षी खरेदी 10 वरून 8 वर आणू नये. आधी वहीत फूट कमी झालेली दिसू द्यावी, मग पुढच्या एप्रिलमध्ये आकडा कमी करावा.

खरेदीतून आलेला खोका उघडताना फुटलेल्या निघालेल्या ब्युरेट या वहीत येत नाहीत. त्या दुकानदाराला परत जातात. इथे चूक झाली तर मुलांच्या नावावर वाहतुकीतली फूट चढते. परीक्षानळ्यांची प्रत्येक फूट लिहीत बसू नये. त्यांची आठवड्याची एकत्र संख्या पुरते. दिवाळीच्या सुट्टीनंतर मात्र ब्युरेट आणि पिपेट पुन्हा मोजाव्यात. जून ते ऑक्टोबरमध्येच चारपेक्षा जास्त ब्युरेट गेल्या असतील, तर फेब्रुवारीपर्यंत सात पुरणार नाहीत आणि डिसेंबरच्या आत आणखी मागवाव्या लागतील.

अमीटर, व्होल्टमीटर, सूक्ष्मदर्शक यांची गोष्ट वेगळी आहे. ही उपकरणं जडसंग्रह नोंदवहीत असतात आणि क्वचित फुटतात, बिघडतात मात्र जास्त. अमीटर सेलला थेट जोडला गेला की त्याची कॉइल जळते. काटा शून्यावरच राहतो, पण बाहेरून उपकरण नवंच दिसतं. म्हणून वर्षाकाठी ही उपकरणं नुसती मोजायची नाहीत, जोडून पाहायची. वहीत 6 अमीटर असतात, चालणारे 4 असतात आणि खरेदीच्या यादीत 'पुरेसे' असा शेरा पडतो. निर्लेखनाची मंजुरी यायला महिने जातात, तोवर जडसंग्रहातला आकडा बदलता येत नाही. पण त्यासाठी थांबायचं कारण नाही. फूटतूट वहीच्या मागच्या पानावर उपकरणाचा क्रमांक, बिघाड, दुरुस्तीचा अंदाज आणि नव्याचा दर लिहायचा. दुरुस्ती नव्याच्या निम्म्या किमतीपलीकडे गेली तर मी निर्लेखनाचा प्रस्ताव देते आणि खरेदीच्या यादीत तेवढे नग त्याच दिवशी टाकते.