नऊ भावंडांची एक सायकल

सहाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी घरात तीन कोडी, दोन रंगपेट्या आणि तीच ती रिमोटची गाडी दोनदा निघते. म्हणून आता बऱ्याच कुटुंबांतली मोठी चुलत, मामे नि मावस भावंडं वर्गणी काढतात आणि लहानग्याला एकच मोठी वस्तू देतात. त्यात सायकल हमखास असते.

समजा, नऊ भावंडं आहेत. सहा कमावती, तीन शिकणारी. कमावत्यांनी 700 रुपये दिले आणि शिकणाऱ्यांनी 200, तर 4,800 जमतात. त्यात 4,000ची सायकल आणि 600चं हेल्मेट बसतं, घंटीपुरते 200 उरतात.

बिनसतं ते बहुधा क्रम चुकल्यामुळे. आधी 8,000ची सायकल पसंत करून मग वाटणी मागितली, की कॉलेजातल्या भावाला नाही म्हणता येत नाही आणि देणंही जड जातं. म्हणून प्रत्येकाने झेपेल तो आकडा एकट्या ताईला कळवावा, बेरीज झाल्यावरच दुकान गाठावं. पैसेही खरेदीआधी जमा व्हावेत. नाहीतर एकीने पदरचे भरायचे आणि महिनाभर आठवण करत बसायचं, असं होतं. भेटकार्डावर नऊ नावं वयाच्या क्रमाने लिहावीत, रकमा लिहू नयेत.

मुलापासून गुपित ठेवा, पण काका-काकूंना आधी विचारा. सायकल घरात आधीच असेल, किंवा तिसऱ्या मजल्यावर लिफ्टशिवाय रोज चढवावी लागणार असेल, तर ती जिन्याखाली धूळ खाईल.

खरी चूक मापात होते. ‘वाढत्या अंगाचं’ म्हणून कपडे घेतात तशी सायकलही मोठी घेतली जाते. सहा वर्षांच्या मुलांत कुणाला 16 इंची चाकांची बसते, तर कुणाला 20 इंची, त्यामुळे नुसत्या वयावर जाऊ नये. काकूला सांगून माप काढून घ्यावं. मुलाला अनवाणी भिंतीला टेकवून उभं करायचं, मांड्यांमध्ये एक पुस्तक सीटसारखं वर सरकवायचं आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजायचं. दुकानात सीट सगळ्यात खाली करून तिची उंची मोजावी. ती या मापापेक्षा जास्त नसेल, तर मुलाचे दोन्ही पाय जमिनीला नीट टेकतात. नव्याने शिकणाऱ्या मुलाला तोल गेल्यावर हाच आधार असतो. पाय लटकत राहिले, तर पहिल्या दोन पडण्यांतच ते सायकलीपासून लांब पळतं.

माप घेऊनही चूक होऊ शकते, म्हणून बदलून मिळण्याची मुदत बिलावर लिहून घ्यावी आणि बिल काकूकडे द्यावं.

एक अडचण मात्र उरते. सहा वर्षांच्या मुलाला वेष्टनं फाडायला हवी असतात, आणि सायकल तर दारातूनच दिसते. त्यावर तोडगा सोपा आहे: हेल्मेट आणि घंटी वेगवेगळ्या कागदांत बांधून आधी हातात द्यायची, आणि घंटी कशाला बसवायची हे त्याने विचारलं की दार उघडायचं.